छापील पावतीवरचा मजकूर रकान्याबाहेर का सरकतो?

फोंड्यातील आमच्या पतसंस्थेत मुदत ठेवीच्या पावत्या छापखान्यातून आधीच छापून आणलेल्या असतात. दोन रंगांतील किनार, बोधचिन्ह, अटी आणि रिकामे रकाने असे सारे त्यावर तयार असते, आणि सभासदाचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, व्याजदर व मुदतपूर्तीची तारीख एवढेच आम्ही लेसर प्रिंटरवर भरतो. गेले वर्षभर या पावत्यांवर एकच दोष पुन्हा पुन्हा उद्भवत होता. अगदी वरच्या रकान्यातील तारीख खालच्या रेघेवर बसायची, तळाच्या रकान्यातील मुदतपूर्तीची रक्कम वरच्या रेघेला जाऊन भिडायची, आणि मधोमध असलेले सभासदाचे नाव मात्र जागच्या जागी असायचे. ज्या लिपिकाच्या हाती काम असेल तो वर्डमधील वरचा समास थोडा कमी करून तारीख जागेवर आणायचा. मग तळाची रक्कम आणखी बिघडायची, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी समास पुन्हा वाढवायचा. संगणकावर एकाच नमुन्याच्या सात फायली जमल्या होत्या आणि त्यांतील चारांच्या नावात ‘अंतिम’ हा शब्द होता.

या पावत्यांना अनुक्रमांक छापलेला असल्यामुळे बिघडलेली पावती फाडून टाकता येत नाही. तिच्यावर ‘रद्द’ असे लिहून ती जपून ठेवावी लागते आणि लेखापरीक्षकाला दाखवावी लागते. चवथीच्या आधीच्या आठवड्यात एका दिवशी अकरा पावत्या रद्द झाल्या, तेव्हा समासाशी खेळणे थांबवून आम्ही मोजपट्टी हाती घेतली. त्या मोजमापातून जे कळले ते येथे क्रमाने मांडतो.

आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखावे

मजकूर सरकला असे आपण सरसकट म्हणतो, परंतु सरकण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि समास बदलणे हा त्यांपैकी एकाच प्रकारावरचा उपाय आहे. पानावरील सगळा मजकूर एकाच दिशेला आणि सारख्याच अंतराने सरकला असेल, तर ते साधे स्थलांतर होय आणि ते समासाने किंवा प्रिंटरच्या मेनूतील स्थान-दुरुस्तीने सुटते. पानाच्या एका भागात चूक शून्य असून तेथून दूर जावे तसतशी ती वाढत असेल, तर मजकूर लहान किंवा मोठा करून छापला जात आहे. डाव्या बाजूचा मजकूर खाली आणि त्याच ओळीच्या उजव्या बाजूचा वर असेल, तर कागद तिरका ओढला जात आहे. एखाद्या ठरावीक रकान्यापर्यंत सारे ठीक असून त्याच्या खालचे तेवढे सरकले असेल, तर दोष प्रिंटरमध्ये नसून फायलीत आहे.

आमच्या पावतीवर वरचे खाली आणि खालचे वर, मधले जागेवर, अशी स्थिती होती. हे स्थलांतर असूच शकत नाही, कारण स्थलांतरात वरच्या आणि खालच्या रकान्यांची चूक एकाच दिशेची असते. मजकूर पानाच्या मध्याकडे आकसत होता. हे लक्षण डोळ्यांसमोर वर्षभर होते, पण तारखेकडे पाहणारा तळाच्या रकमेकडे पाहत नव्हता, आणि रक्कम जुळवणारा तारखेकडे पाहत नव्हता.

मोजण्यासाठी आम्ही साध्या ए४ कागदावर एक चाचणी-पान तयार केले. वर्डमध्ये चार लहान टेक्स्ट बॉक्स घेऊन प्रत्येकात अधिकचे एक चिन्ह ठेवले आणि Layout मधील Position या खिडकीत त्यांची जागा समासापासून न मोजता पानाच्या कडेपासून मोजली जाईल अशी ठरवली. चिन्हांचे मध्य डाव्या कडेपासून २० आणि १९० मिलिमीटरवर, तसेच वरच्या कडेपासून २० आणि २७७ मिलिमीटरवर येतील, अशी ही मांडणी होती. म्हणजे दोन चिन्हांतील आडवे अंतर १७० आणि उभे २५७ मिलिमीटर निघायला हवे. हे पान खऱ्या पावतीच्याच वाटेने छापणे आवश्यक आहे. आमच्याकडे वर्डमध्ये पावत्या तयार होतात, नोंदीसाठी त्यांची पीडीएफ केली जाते आणि ती पीडीएफ छापली जाते. म्हणून चाचणी-पानाचीही आधी पीडीएफ केली आणि त्याच संगणकावरून, त्याच ट्रेमधून ती छापली. चाचणी थेट वर्डमधून छापली असती तर सारे ठीक दिसले असते आणि आम्ही आणखी महिनाभर चुकीच्या दिशेने गेलो असतो.

छापील चिन्हांतील आडवे अंतर १६५ मिलिमीटर भरले आणि उभे २४९ मिलिमीटरच्या किंचित पुढे. दोन्हींना मूळ अंतराने भागले की उत्तर ९७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पीडीएफ छापताना संपूर्ण पान ९७ टक्के आकाराचे करून कागदाच्या मध्यभागी ठेवले जात होते. ए४ कागदाची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे त्याचा मध्य १४८.५ मिलिमीटरवर येतो. वरच्या कडेपासून ४० मिलिमीटरवर असलेली तारीख मध्यापासून १०८.५ मिलिमीटर दूर आहे. त्याचे तीन टक्के म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आणि तेवढी ती खाली येते. २६२ मिलिमीटरवरची रक्कम मध्यापासून ११३.५ मिलिमीटर दूर, म्हणून ती सुमारे साडेतीन मिलिमीटर वर चढते. सात मिलिमीटर उंचीच्या रकान्यात एवढी चूक म्हणजे मजकूर रेघेवरच जाणार. तारीख जागेवर आणण्यासाठी सगळे पान सव्वातीन मिलिमीटर वर ओढले की तळाची चूक पावणेसात मिलिमीटरच्या जवळ पोहोचते आणि रक्कम जवळजवळ वरच्या रकान्यात शिरते. समास बदलून हे कधीच जुळणार नव्हते.

कारण साधे होते. वर्षभरापूर्वी काउंटरवरचा संगणक बदलला होता आणि नव्या संगणकावरील पीडीएफ वाचकाच्या छपाईच्या खिडकीत Fit हा पर्याय निवडलेला होता. लेसर प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. चारही बाजूंना तीन-चार मिलिमीटरची पट्टी कोरी राहते. Fit या पर्यायाचा अर्थ असा की, पान त्या छापता येण्याजोग्या भागात मावेल इतके लहान करावे. साध्या पत्रासाठी तो सोयीचा आहे, कारण कडेचा मजकूर कापला जात नाही. छापील नमुन्यासाठी मात्र Actual size हाच पर्याय हवा. तो निवडून चाचणी-पान पुन्हा छापले तेव्हा अंतरे १७० आणि २५७ भरली.

काही प्रोग्राम लहान केलेले पान मध्यभागी न ठेवता वरच्या डाव्या कोपऱ्याला धरून ठेवतात. तेव्हा चूक वर जवळजवळ शून्य असते आणि खाली जाईल तशी वाढते, एवढाच फरक. चिन्हांतील अंतर मोजले की दोन्ही प्रसंगी टक्केवारी तीच निघते. पीडीएफ न करता थेट वर्डमधून छापणाऱ्यांनी Options मधील Advanced या भागात Print खाली असलेली Scale content for A4 or 8.5 x 11" paper sizes ही खूण काढून पाहावी. फाइलचे पान लेटर आकाराचे, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटरचे राहिले असेल आणि ट्रेमध्ये ए४ असेल, तर ही खूण न सांगता मजकूर आकसवते. ब्राउझरमधून छापणाऱ्यांनीही छपाईच्या खिडकीतील Scale तपासावा.

आकार जुळल्यावर कागद सरळ आहे का ते पाहावे

आकार पक्का झाल्याशिवाय उरलेली मोजमापे घेण्यात अर्थ नसतो, म्हणून हा क्रम पाळावा. पुढची मोजणी तिरकेपणाची. वरच्या डाव्या आणि वरच्या उजव्या चिन्हाचे कागदाच्या वरच्या कडेपासूनचे अंतर मोजावे. दोन्ही सारखे असेल तर कागद सरळ जात आहे. आमच्याकडे मुख्य ट्रेमधून छापलेल्या पानावर ते सारखे आले, परंतु पुढच्या हाताने भरायच्या ट्रेमधून छापलेल्या पानावर त्यांत जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक पडला. एक एक पावती हाताने घालणे सोपे म्हणून लिपिक नेमका तोच ट्रे वापरत असत. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या नव्हत्या; मोठा लिफाफा घालताना कोणीतरी त्या मोकळ्या केल्या होत्या आणि त्या तशाच राहिल्या होत्या. पट्ट्या कागदाला हलकेच टेकतील इतक्या आत आणाव्यात. त्या घट्ट दाबल्या तर कागद मध्ये फुगतो आणि उलट आणखी तिरका जातो.

तिरकेपणाला समास किंवा स्थान-दुरुस्ती यांचा काहीही उपयोग होत नाही, कारण ती चूक पानाच्या प्रत्येक भागात निराळी असते. एकाच चाचणी-पानाच्या दहा प्रती काढाव्यात. दहांवरही तिरकेपणा एकसारखा असेल तर पट्ट्या किंवा ट्रे वाकडा बसलेला आहे. तो कमीजास्त होत असेल तर कागद ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झालेला किंवा धुळीने माखलेला असण्याची शक्यता अधिक. प्रिंटर बंद करून, किंचित ओलसर आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने रोलर पुसून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर रोलर बदलणेच बरे.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा उल्लेख येथे करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या गठ्ठ्यातील कागद हवेतील ओल शोषून घेतो आणि कडांना वळतो. ओलीमुळे ए४ कागदाची रुंदी वाढते ती मिलिमीटरच्याही आत, तिची काळजी नको. खरा त्रास वळलेल्या कडेचा होतो, कारण ती कड रोलरखाली एका बाजूने आधी आणि दुसऱ्या बाजूने उशिरा जाते. पावत्यांचा गठ्ठा त्याच्या मूळ वेष्टनात ठेवावा, भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाच्या तळाला ठेवू नये, आणि दिवसापुरत्या पावत्याच बाहेर काढाव्यात. पावसाळ्यात तेवढा दोष वाढतो आणि दिवाळीनंतर आपोआप कमी होतो असे दिसत असेल, तर प्रिंटरवाल्याला बोलावण्याआधी कागदाची साठवण पाहावी.

उरलेले स्थलांतर आणि ते कोठे दुरुस्त करावे

आकार व तिरकेपणा मिटल्यावर मुख्य ट्रेच्या दहा चाचणी-पानांवर वरचे डावे चिन्ह मोजले. ते डाव्या कडेपासून २० ऐवजी सरासरी २२ मिलिमीटरवर आणि वरच्या कडेपासून सरासरी साडेअठरा मिलिमीटरवर होते. पानापानांतील फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होता. म्हणजे प्रिंटर सगळा मजकूर दोन मिलिमीटर उजवीकडे आणि दीड मिलिमीटर वर छापत होता. एकाच पानावरून आकडा ठरवू नये, दहांची सरासरी घ्यावी. नाहीतर ज्या पानावर योगायोगाने चूक जास्त होती त्याचीच दुरुस्ती बाकी सगळ्यांवर लादली जाते.

आता प्रश्न उरतो तो ही दुरुस्ती कोठे करावी याचा, आणि येथे माझे मत ठाम आहे. जी चूक प्रिंटरची आहे ती प्रिंटरमध्येच दुरुस्त करावी आणि फायलीत मापे खरी ठेवावीत. फायलीत दोन मिलिमीटर डावीकडे असे भरून ठेवले की तीच फाइल मडगावच्या शाखेतील प्रिंटरवर चुकते, आणि आपला प्रिंटर बदलला की येथेही चुकते. बऱ्याच लेसर प्रिंटरच्या मेनूत अशी सोय असते; काहींवर ती Print Quality खाली Set Registration या नावाने सापडते आणि प्रत्येक ट्रेसाठी आडवे व उभे सरकणे निराळे भरता येते. नाव आणि जागा प्रिंटरगणिक बदलते, म्हणून सोबतच्या पुस्तिकेत पाहावे. धन आकडा म्हणजे डावे की उजवे याबद्दल अंदाज बांधू नये. मेनू पुरेशी मोकळीक देत असेल तर आधी मोठा आकडा भरून एक पान छापावे, मजकूर कोणत्या बाजूला गेला ते पाहावे, आणि मगच हवा तो आकडा भरावा. उलट चिन्ह भरल्यामुळे दोनाची चूक चार होते आणि माणूस गोंधळून सारे पूर्ववत करतो, हा अनुभव आम्हीही घेतला. प्रिंटरमध्ये ही सोयच नसेल, तर मात्र फायलीत दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा ती कोणत्या प्रिंटरसाठी आहे हे फायलीच्या नावातच लिहावे.

प्रिंटर जुळल्यावर साध्या कागदावर पावतीचा मजकूर छापून तो कागद कोऱ्या पावतीवर ठेवावा, वरची आणि डावी कड जुळवून दोन्ही खिडकीच्या काचेवर धरावीत आणि प्रत्येक शब्द रकान्यात बसतो का ते पाहावे. एकही पावती खर्च न होता तपासणी पुरी होते. पावतीची झेरॉक्स काढून तिच्यावर छापून पाहण्याचा मोह होतो, आणि आमच्या व्यवस्थापकांनी तेच सुचवले होते. परंतु झेरॉक्स यंत्र स्वतःच प्रत एखाद्या टक्क्याने लहानमोठी करते आणि बाजूलाही सरकवते, म्हणून झेरॉक्सवर जुळलेला मजकूर मूळ पावतीवर जुळेलच असे नाही.

काचेवर धरल्यावर जुन्या गठ्ठ्याच्या पावतीवर सारे नेमके बसले, आणि चवथीआधी म्हापशाच्या छापखान्यातून आलेल्या नव्या गठ्ठ्यावर सगळा मजकूर सुमारे एक मिलिमीटर वर दिसला. आता चूक आमच्या प्रिंटरची नव्हती. दोन्ही गठ्ठ्यांतील दहा दहा पावत्यांवर कागदाच्या वरच्या कडेपासून किनारीच्या वरच्या रेघेपर्यंतचे अंतर मोजले: जुन्यांवर १५ मिलिमीटर, नव्यांवर १६ आणि कोठे कोठे त्याच्या जरा वर. छपाई मोठ्या कागदावर होते आणि नंतर कटिंग यंत्रावर तो कापला जातो. कापताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होणे हा छापखान्याचा गुन्हा नव्हे. एका मोठ्या कागदावर चार पावत्या छापून त्या कापल्या असतील आणि चार थप्प्या एकमेकींवर ठेवून गठ्ठा बांधला असेल, तर एका विशिष्ट अनुक्रमांकापासून पुढे मजकूर अचानक सरकतो, कारण तेथून दुसरी थप्पी सुरू होते. असे झाले तर अनुक्रमांक टिपून ठेवावा आणि प्रिंटरला हात लावू नये.

छापखान्याला पुढच्या खेपेला आम्ही एकच गोष्ट लिहून दिली: पावतीची वरची आणि डावी कड पक्की धरावी, म्हणजे किनारीपासून या दोन कडांचे अंतर प्रत्येक गठ्ठ्यात तेच असावे, आणि कापण्यातील कमीजास्तपणा उजव्या व खालच्या बाजूला जाऊ द्यावा. आमचा प्रिंटर या दोन कडांवरून मोजतो, त्याला उजव्या आणि खालच्या कडेशी देणेघेणे नसते.

त्याच पत्रात रकान्यांची उंची सातऐवजी नऊ मिलिमीटर करायला सांगितली. अकरा पॉइंटच्या अक्षराची पेटी सुमारे चार मिलिमीटर उंच असते. सात मिलिमीटरच्या रकान्यात वर आणि खाली जेमतेम दीड दीड मिलिमीटर मोकळे राहतात, आणि देवनागरीत वरची वेलांटी व खालचा उकार त्यातलाही थोडा भाग घेतात. कापण्यातला एक मिलिमीटर आणि कागद ओढण्यातला अर्धा मिलिमीटर एका दिशेला जमले की उकार रेघेला लागतो. एवढ्या चिंचोळ्या रकान्यात कितीही जुळवाजुळव केली तरी कोणताही प्रिंटर रोज अचूक छापणार नाही.

काहीच पावत्या बिघडतात तेव्हा

एवढे सगळे झाल्यावरही दर वीसपंचवीस पावत्यांत एखादी बिघडत राहिली. त्या पावत्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की तारीख व पावती क्रमांक सर्वांवर जागेवर आहेत, आणि सभासदाच्या नावाखालचे सगळे तीन ते पाच मिलिमीटर खाली उतरलेले आहे. बिघडलेल्या प्रत्येक पावतीवर नाव मराठीत होते. बाकीच्या पावत्यांवर ते रोमन लिपीत होते. सभासदांच्या यादीत ज्याने जसे अर्जात लिहिले तसे नाव नोंदवलेले आहे, त्यामुळे यादीत दोन्ही लिप्या आहेत.

ओळीत देवनागरी अक्षर आले की वर्ड त्या अक्षरासाठी मराठीचा फॉन्ट वापरतो. मंगलसारख्या फॉन्टमध्ये मात्रा व उकारांसाठी वरखाली बरीच जागा राखलेली असते, म्हणून ती ओळ रोमन ओळीपेक्षा उंच होते आणि तिच्या खालच्या सगळ्या ओळी तेवढ्या खाली ढकलल्या जातात. पत्ता लांबून दोन ओळींत गेला तरी हेच घडते. आमचा जुना नमुना मोकळ्या ओळी आणि रिकाम्या जागा देऊन केलेला होता, म्हणजे प्रत्येक रकान्याची जागा तिच्या वर काय लिहिले आहे यावर अवलंबून होती.

उपाय असा की, कोणत्याही रकान्याची जागा दुसऱ्या रकान्यावर अवलंबून ठेवू नये. आम्ही नमुना पूर्णतः नव्याने, बिनरेघी तक्ता घेऊन केला. Table Properties मधील Row या भागात प्रत्येक ओळीची उंची मोजून भरली आणि Row height is समोर Exactly निवडले. At least ठेवले तर ओळ पुन्हा वाढते. तक्त्यातील परिच्छेदांनाही Line spacing मध्ये Exactly देऊन १५ पॉइंट भरले. येथे एक धोका आहे: Exactly मध्ये आकडा फार लहान भरला तर ओळ वाढत नाही, पण वेलांटीचा वरचा भाग कापला जातो. म्हणून ज्यात वेलांटी, रफार आणि उकार तिन्ही आहेत असे एखादे नाव छापून पाहावे. आम्ही ‘पूर्णिमा सुर्लीकर’ असे बनावट नाव चाचणीसाठी ठेवले आहे. लांब पत्त्यासाठी दोन ओळींची जागा आधीच राखली, आणि त्यातही न मावणारा पत्ता कापला जावा, पण खालची रक्कम हलू नये, असे ठरवले. नव्या नमुन्यावर मराठी नावाच्या पावत्याही जागेवर येऊ लागल्या.

लिफाफ्यांविषयी थोडे

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचना पाठवताना लिफाफ्यांवरचे पत्तेही सरकत असत, पण तेथील चूक मोठी, दोन सेंटिमीटरच्या पुढची होती. आमचे लिफाफे डीएल, म्हणजे ११० बाय २२० मिलिमीटरचे आहेत. वर्डमध्ये Mailings खालील Envelopes मध्ये आकार Size 10 असा राहिला होता, आणि तो अमेरिकी लिफाफा सुमारे १०५ बाय २४१ मिलिमीटरचा असतो. लांबीतील फरक २१ मिलिमीटर. प्रिंटर कागदाच्या आधी आत जाणाऱ्या कडेपासून मोजतो. त्यामुळे लिफाफ्याचे डावे टोक आधी जात असेल तर लांबीच्या दिशेने पत्ता जागेवर दिसतो, आणि उजवे टोक आधी जात असेल तर तोच पत्ता सुमारे २१ मिलिमीटर डावीकडे सरकतो. म्हणूनच एका लिपिकाचे लिफाफे बरोबर यायचे आणि दुसऱ्याचे चुकायचे, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. रुंदीतील पाच मिलिमीटरचा फरक हाताच्या ट्रेच्या दोन्ही पट्ट्यांत अर्धा अर्धा वाटला जातो, म्हणून त्या दिशेने चूक अडीच मिलिमीटरच्या आसपास राहते आणि पटकन डोळ्यांत भरत नाही.

आकार DL केला, प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही तोच निवडला, आणि Printing Options मध्ये लिफाफा ज्या बाजूने घालतो तेच चित्र निवडले. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगितलेली असावी लागते. लिफाफ्याचे चित्र पेन्सिलने काढून, आत जाणाऱ्या टोकाला बाण करून तो कागद आम्ही ट्रेच्या झाकणावर चिकटवला आहे. जाड गोंदपट्टीचे लिफाफे त्यानंतरही थोडे तिरके जातात. त्यांच्यासाठी मागचा सरळ बाहेर पडण्याचा दरवाजा उघडा ठेवावा लागतो, आणि ज्या लिफाफ्याची पापणी आधीच उघडी पडलेली आहे तो प्रिंटरमध्ये घालूच नये, त्याच्यावर पत्ता हाताने लिहावा.